कान स्वच्छ आहे

दवाखान्यात तिला सगळे साचेताई म्हणत. कान-नाक-घशाच्या त्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, ऑपरेशनच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती, आणि त्या खोलीत बसून ती गेली चौदा वर्षं लोकांच्या कानांचे साचे काढत होती. कमी ऐकू येणाऱ्यांच्या मशीनला कानात बसणारा एक तुकडा लागतो, मोल्ड म्हणतात त्याला. तो ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचाच लागतो. चपलेसारखं नसतं ते, की टाच बाहेर राहिली तरी चालून जातं. जरा सैल झाला की मशीन शिट्टी मारतं, जरा घट्ट झाला की कान सोलवटतो. साचेताईच्या हातचा मोल्ड परत आला असं सहसा व्हायचं नाही. माणसाचा चेहरा ती विसरेल, पण कान विसरायची नाही. रस्त्यात कुणी हाक मारली तर आधी कानाकडे बघायची आणि मग ओळख द्यायची.

हे काम ती काही हौसेनं शिकली नव्हती. मुलीपायी शिकली. मुलगी दोन वर्षांची असताना तिला मेंदूचा ताप आला. पोर वाचली, पण डावा कान साफ गेला आणि उजव्यात जेमतेम ऐकू येण्याइतकं उरलं. त्या उरलेल्या उजव्या कानाभोवती साचेताईनं सगळं घर बांधलं म्हणा ना. त्या कानात मशीन बसलं, त्या मशीनसाठी मोल्ड लागले, मुलगी वाढली तसे दर काही महिन्यांनी नवे लागले, आणि दवाखान्याच्या पायऱ्या झिजवता झिजवता आईच एक दिवस तिथल्या कामाला लागली. तो कान तिनं तळहातावरच्या फोडासारखा जपला. पोहायला बंदी, गार वाऱ्यात स्कार्फ, सर्दीची नुसती शिंक आली की कानात बॅटरीचा उजेड. आणि मुलगी बोलायला शिकली ती अशी शिकली, की आता सतरा वर्षांची झाली तरी थांबायचं नाव नाही. मशीन कानात आणि नजर समोरच्याच्या ओठांवर, की हिची टकळी सुरू. म्हणून घरात, दारात, दवाखान्यात तिचं नाव ठमी. काउंटरवरच्या मावशी तर म्हणायच्या, "ताई, तुमच्या ठमीला ऐकू कमी येतं ते बरंच आहे. नाहीतर दुसऱ्याचं ऐकण्यात तिचा बोलायचा वेळ गेला असता!"

तर अशा या ठमीचा कान दुखायला लागला.

सोमवारची सकाळ होती. आदल्या आठवड्यात तिचा घसा खवखवत होता, आईनं कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या होत्या, आणि दोघी ते विसरूनही गेल्या होत्या. घसा काय, सगळ्यांचाच खवखवतो. ठमीनं चहाचा घोट घेतला, डोळे घट्ट मिटले आणि कप खाली ठेवला.

"आई, गिळताना कान दुखतोय."

"कोणता?"

"उजवा."

बस्स. आणखी काही ऐकायला आईची शुद्ध जागेवर होती कुठे! "उजवा" तेवढं तिनं ऐकलं. त्याआधीचा गिळताना हा शब्द तिच्या कानावर पडला आणि तसाच घरंगळून गेला. उजवा म्हणजे एकुलता एक. तो गेला तर पोरगी या जगातून उठल्यासारखीच, निदान आईच्या लेखी तरी. तिनं चहाचे कप तसेच टाकले आणि ठमीला घेऊन दवाखाना गाठला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. दवाखान्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं पेशंट येत. काउंटरवर मावशी नंबर देत, केसपेपर काढत. त्यावर वजन, ताप, काय होतंय, कधीपासून होतंय हे सगळं लिहिलं जाई. मग आत डॉक्टर कान बघोत, नाक बघोत, काहीही दुखत असो, शेवटी "आ कर" म्हणून घशात डोकावल्याशिवाय सोडत नसत. मागच्या दारानं कामाची माणसं येत, आणि त्यांची घरची माणसं येत. घरच्या माणसाला नंबर नाही, केसपेपर नाही, ताटकळणं नाही. कॉरिडॉरमध्ये मोठे डॉक्टर दिसले की गाठायचं आणि म्हणायचं, "साहेब, जरा एवढं बघता का?" आणि साहेब एवढंच बघत. सगळ्यांना यात मोठा मान वाटे. साचेताईलाही वाटे.

ती ठमीला मागच्या दारानं आपल्या खोलीत घेऊन आली, खुर्चीवर बसवलं आणि बाजूला उभी राहून कानात बॅटरी घातली. नळी कोरडी. मळ नाही, सूज नाही, पुळी नाही. पडदा कसा असावा तर तसा, मोतिया रंगाचा, उजेड पडल्यावर चकाकणारा. तिनं कानाची पाळी ओढून बघितली, कानाच्या तोंडाशी असतो तो उंचवटा दाबून बघितला.

"दुखलं?"

ठमीनं मान हलवली. नाही.

हे तिला खटकलं. कानाच्या नळीत काही असेल तर नुसता हात लावला तरी माणूस ओय ओय करतं. तिनं शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर पडद्यामागचा दाब मोजून घेतला. तोही बरोबर. ऐकण्याची तपासणी केली. जेवढं ऐकू येत होतं तेवढंच येत होतं, आलेखाची रेघ तसूभरही खाली आली नव्हती. एखाद्यानं सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण ही आई होती. कान चांगला दिसतोय आणि दुखतोय, म्हणजे जे बिघडलंय ते आपल्याला दिसत नाहीये, असं तिनं धरलं.

दोन ऑपरेशनांच्या मध्ये मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिनं त्यांना गाठलं.

"साहेब, ठमीचा उजवा कान दुखतोय. जरा कान बघता?"

साहेबांनी उभ्याउभ्या बॅटरी घेतली, बघितलं. "कान एकदम स्वच्छ आहे. मोल्ड टोचत असेल तुझा." मग ठमीकडे बघून हसले. "आईनं घाईत बनवला का गं?"

ठमी काहीतरी सांगायला गेली. पण साहेब वळले होते, आणि पाठीला ओठ नसतात.

मोल्ड टोचतोय. साचेताईला आधार सापडला. बाकी जगातलं काही तिच्या हातात नसेल, पण मोल्ड तिच्या हातातला होता. तिनं तो भिंगाखाली धरला, कुठे कड राहिली आहे का बघितलं. नव्हती. तरी तिनं फिरत्या चक्रावर तो एका बाजूनं घासला, पॉलिश केला, ठमीच्या कानात बसवला आणि दुखण्यावरची साधी गोळी दिली. गोळीनं दोन-तीन तास बरं वाटलं. "बघ, मोल्डच होता," आई म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा दुखलं. मंगळवारी सकाळी जास्त दुखलं. आईनं पुन्हा घासला. दुपारी तिसऱ्यांदा घासला. म्हशीला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात ना, तसला हा कारभार. तिसऱ्यांदा बसवल्यावर मोल्ड इतका सैल झाला की मशीन किंचाळायला लागलं. आईनं ते काढून डबीत ठेवलं. "राहू दे दोन दिवस. कानाला आराम मिळेल."

कानाला आराम मिळाला, पण ठमीला ऐकू येणं बंद झालं. आता फक्त ओठ वाचायचे. आणि आई तर दिवसातून दहा वेळा तिच्या बाजूला उभी राहून, कान ओढून, बॅटरी घालून बघणार. बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. आई काहीबाही विचारत राहायची, ठमी समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहायची, आणि उत्तर आलं नाही की आई आणखी घाबरायची.

मंगळवारी ठमी जेवली नाही. आईला वाटलं, चावताना जबडा हलतो, जबडा हलला की कान दुखतो, साहजिक आहे. सूप केलं. तेही दोन चमचे पिऊन तिनं बाजूला सारलं, आणि प्रत्येक चमच्याला उजव्या कानावर हात दाबला. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. आईला धडकी भरली. कानाची सूज खाली उतरली असं तिनं ठरवलं. अंग हाताला फारसं गरम लागत नव्हतं. कसं लागेल? दर सहा तासांनी गोळी चालू होती ना, ती ताप वर येऊच देत नव्हती.

बुधवारी ठमीचं बोलणं बिघडलं. जड, घोगरं, तोंडात गरम घास धरून बोलावं तसं. नवरा कामानिमित्त परगावी होता, त्याचा फोन आला तेव्हा ठमीनं पाठीमागून काहीतरी म्हटलं आणि तो तिकडून म्हणाला, "तिचा आवाज असा का येतोय?"

"मशीन नाहीये ना कानात," साचेताई म्हणाली. "स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की शब्द असेच लोळतात. आपल्या मुलांचं होतं तसं."

दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या बहिऱ्या मुलांना ती आपली मुलं म्हणायची. आणि ती म्हणाली ते खोटं नव्हतं, मशीन काढलं की बोलण्याची धार जातेच. पण एका दिवसात इतकी जात नाही. हे तिला ठाऊक असायला हवं होतं, चौदा वर्षं तेच बघत होती. पण माणसाला एकदा एक कारण सापडलं ना, की ते दुसऱ्या कारणाला दारातसुद्धा उभं करत नाही.

"कुणाला तरी नीट दाखव गं," नवरा म्हणाला.

"साहेबांनी बघितलंय! त्यांच्यापेक्षा कोण मोठं आहे?"

तिनं बुधवारी पुन्हा साहेबांना गाठलं. साहेबांनी पुन्हा कान बघितला, कारण तिनं पुन्हा कानच दाखवला. "अगं बाई, कानात काहीही नाही. खोटं कशाला सांगू?" आणि जाता जाता सहज म्हणाले, "या वयात मुली थोडं करतात हं असं. कॉलेजात काही झालंय का, विचार."

ते वाक्य तिच्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. दोन महिन्यांपूर्वी ठमी म्हणाली होती, मला मशीन घालायचा कंटाळा आलाय, सगळे आधी मशीनकडे बघतात आणि मग माझ्याकडे. त्यावरून घरात मोठा वाद झाला होता. असं तर नाही? कान स्वच्छ. दाब बरोबर. ऐकणं होतं तेवढं. पाळी ओढली तर दुखत नाही. मग दुखतंय काय? एकीकडे भीती की कान जातोय, दुसरीकडे संशय की पोरगी बनवतेय, आणि दोन्हींच्या मध्ये ही बाई, ना इकडची ना तिकडची. तिला काही सुचेना. मग तिनं जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं: ठमीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर ओठांवर सुटं करत म्हणाली, "नाटकं बंद कर."

हे मात्र ठमीला बरोबर वाचता आलं.

टकळी तशीही बंदच होती. तिनं ओंजळीत रुमाल धरला आणि त्यात थुंकली. थुंकी गिळत नव्हती ती कालपासून. आईला ते दिसलं, आणि रागाच्या भरात तोही रागच वाटला.

गुरुवारी साचेताईनं ठरवलं की नवा मोल्ड करायचा. काहीतरी करायला तर हवं. हात रिकामे ठेवून बसणं तिला जमण्यातलं नव्हतं. ठमी आता निमूट चालत होती, मान किंचित उजवीकडे कलती धरून. मागच्या दारानं दोघी खोलीत शिरल्या. आईनं दोरी बांधलेला कापसाचा छोटा बोळा कानात खोल ठेवला, गुलाबी लगदा मळला. ठसा घेताना एक रीत असते: तोंड उघडून दातांमध्ये एक ठोकळा धरायला देतात. जबडा उघडला की कानाची नळी थोडी बदलते, आणि तोंड हलवताना मोल्ड सैल पडू नये म्हणून त्या अवस्थेतलं माप घ्यायचं असतं. दोन बोटं जाडीचा साधा ठोकळा. सहा वर्षांची पोरंही धरतात.

आईनं ठोकळा पुढे केला. ठमीनं तोंड उघडलं. एक बोट जेमतेम जाईल एवढंच उघडलं.

"आणखी."

ठमीनं मान हलवली.

"अगं आणखी उघड! ठसा वाया जाईल!"

ठमीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. आईनं हनुवटीला धरून ठोकळा सरकवायला बघितला, दातांवर आपटला. ठमीच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळून आईच्या मनगटावर पडली. मग त्या पोरीनं आईचा हात बाजूला केला. जोरात नाही, नुसता बाजूला केला. कानातला कापूस दोरीनं ओढून काढला, उठली आणि खोलीबाहेर गेली. मागच्या दारानं नव्हे, कॉरिडॉरमधून सरळ पुढे.

साचेताईच्या खोलीला पुढच्या हॉलकडे बघणारी एक काच होती. त्या काचेतून तिनं बघितलं की ठमी काउंटरपाशी रांगेत उभी राहिली. मावशींनी हसून हात हलवला, आत जा आत जा म्हणून खूण केली. ठमीनं मान हलवली. मोबाइलवर काहीतरी लिहून मावशींच्या पुढ्यात धरलं. मावशींचं हसू मावळलं. त्यांनी केसपेपर काढला. थर्मामीटर दिलं. नंबर दिला, एकवीस.

साचेताई बाहेर गेली नाही. राग होता, आणि लाजही वाटत होती की आपली मुलगी आपल्याच दवाखान्यात नंबर लावून बसली. सगळ्यांसमोर शोभा. जाईल पुढे आणि ऐकेल तेच, कान स्वच्छ आहे, मग येईल परत, असं तिनं मनाशी म्हटलं. गुलाबी लगदा हातात तसाच कडक होत गेला.

पंचवीस मिनिटांनी काचेवर टकटक झाली. महिनाभरापूर्वी आलेली नवी डॉक्टरीण होती. पोरसवदा, अजून सगळ्यांची नावं पाठ न झालेली.

"साचेताई, ती एकवीस नंबरची मुलगी... मावशी म्हणतात तुमची आहे?"

"हो. कान दुखतोय म्हणते. साहेबांनी बघितलाय दोनदा."

"कान मीही बघितला, स्वच्छ आहे. घसा कुणी बघितला?"

साचेताईनं हातातला कडक झालेला लगदा टेबलावर ठेवला.

"चला जरा," डॉक्टरीण म्हणाली.

तपासणीच्या खुर्चीत ठमी पुढे झुकून बसली होती, हातात स्टीलचं भांडं. डॉक्टरिणीनं लाकडी पट्टी घेतली, उघडेल तेवढ्या तोंडात अलगद जीभ दाबली आणि उजेड टाकला. "इथून बघा."

साचेताईनं चौदा वर्षांत हजारो कानांत डोकावलं असेल. घशात कधी बघितलं नव्हतं, ते तिचं कामच नव्हतं. तरी जे दिसलं ते कळायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं. उजवीकडचा टाळू फुगून लालभडक झाला होता, टॉन्सिल आत ढकललं गेलं होतं, आणि मधोमध लोंबायला हवी ती पडजीभ पार डावीकडे रेटली गेली होती.

"टॉन्सिलच्या मागे पू साठलाय," डॉक्टरीण म्हणाली. "घशाचं इन्फेक्शन होतं, ते आत पसरलं. म्हणून तोंड उघडत नाही, जबड्याचे स्नायू आखडलेत. आवाज त्यामुळेच बदललाय. थुंकी गिळता येत नाही. गळ्याला गाठ आहे. ताप एकशे एक, आणि तोही गोळी घेतलेली असताना."

"पण दुखतोय तो कान," साचेताई म्हणाली. "ती पहिल्या दिवसापासून कान म्हणतेय. खोटं का बोलेल?"

"खोटं नाहीच! खरोखर कानात दुखतं. हे बघा, टॉन्सिलची खबर मेंदूला देणारी जी नस आहे ना, तिचीच एक फांदी मधल्या कानात जाते. घराला दोन दारं आणि आत घंटा एकच, असं समजा. मागच्या दाराचं बटण दाबलं तरी घंटा तीच वाजते, आणि घरातला माणूस धावतो पुढच्या दाराला. मेंदूला कळत नाही दुखणं कुठून आलं. तो कानावर ढकलतो. घसा आजारी, दुखतो कान, आणि कानात बघावं तर काही नाही. कान दुखतोय आणि कान चांगला दिसतोय, तर घसा बघितल्याशिवाय सोडायचंच नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात."

"मग कान..."

"कानाला काहीच झालेलं नाही, ताई. कधीच नव्हतं." डॉक्टरीण थांबली. "पण हे आणखी दोन दिवस राहिलं असतं तर श्वासाची वाट अडली असती. पू मानेत खाली उतरू शकतो. आत्ताच काढावा लागेल."

चार दिवस ती ज्या दाराशी काठी घेऊन उभी होती, तिथं कुणी आलंच नव्हतं.

साहेबांना बोलावलं. त्यांनी घशात बघितलं आणि तोंडातल्या तोंडात स्वतःलाच काहीतरी म्हणाले. मग साचेताईकडे न बघता, "मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि हातमोजे चढवले. डॉक्टरिणीनं घशात बधिर करणारा फवारा मारला. आता मुलीला सांगायचं होतं: हलू नकोस, गिळू नकोस, जे येईल ते थुंक. आणि सांगणार कसं? साहेबांच्या तोंडाला मास्क, डॉक्टरिणीच्या तोंडाला मास्क. ठमी एका मास्ककडून दुसऱ्या मास्ककडे बघत होती. तिच्यासाठी त्या खोलीत कुणी बोलतच नव्हतं. मशीन लावावं, तर ज्या मोल्डवर ते बसतं तो आईनं घासून घासून निकामी केला होता.

"ताई, तुम्ही सांगा तिला," डॉक्टरीण म्हणाली.

साचेताई समोर गेली, जमिनीवर गुडघे टेकले, म्हणजे ठमीला खाली बघता येईल. आणि ओठांनी सांगितलं. घशात पू आहे. सुईनं काढणार. गिळायचं नाही. थुंकायचं. मी इथंच आहे. ठमीनं ओठ वाचले, मान डोलावली. लांब सुई आत गेली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. मिटून चाललं नसतं, आईचे ओठच तेवढे तिला सांगत होते काय चाललंय ते. आईच्या ओठांवर एकच शब्द होता, "झालं, झालं, झालं," आणि ते झालं नव्हतं. सिरिंज पिवळट हिरव्या पुवानं भरली. दुसरी अर्धी भरली. खोलीत इतकी घाण पसरली की मावशींनी खिडकी उघडली. आईच्या हाताला करण्यासारखं काही नव्हतं. पोरीचे गुडघे धरून ठेवायचे, बस.

थोड्या वेळानं ठमीनं कानाला हात लावून बघितला. दाबून बघितला. चेहऱ्यावर नवल उमटलं. घशात सुई गेली आणि कान हलका झाला! तिनं डॉक्टरिणीकडे बघून हात हलवला, आणि डॉक्टरिणीनं मास्क खाली करून तिला हसून दाखवलं.

दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. वरच्या मजल्यावर खिडकीशेजारची खाट मिळाली, सलाईनमधून औषध सुरू झालं. दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं. साचेताई खाटेला खेटून बसली. तिला सवयीनं उजवा कान बघावासा वाटला आणि तिनं हात मागे घेतला.

ठमी तिच्याकडे बघत होती. तोंड आता दीड बोट उघडत होतं. आवाज अजून जडच होता, पण शब्द कळत होते.

"मी तुला सोमवारी सांगितलं होतं. गिळताना दुखतं."

"हो," आई म्हणाली.

"मंगळवारी पण सांगितलं. घशात काहीतरी आहे म्हणून. तू कानात बघत होतीस."

आईला ते आठवेना. तिनं मनात मंगळवार उलटापालटा केला. बॅटरीचा उजेड आठवला, पडदा आठवला, मोल्डची कड आठवली. पोरीचा चेहरा काही केल्या आठवेना.

"आणि काल तू म्हणालीस..." ठमीनं वाक्य पुरं केलं नाही. घशावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

साचेताई बोलायला लागली. चुकलं माझं, म्हणाली. तू खरं बोलत होतीस, तू पहिल्यापासून खरं बोलत होतीस, मला भीती वाटत होती गं, तो कान गेला तर तू मला परत ऐकायची नाहीस म्हणून मी वेडी झाले होते, काल बोलले ते मागे घेते, ते धरून नको ठेवू. ती बोलत गेली, पदरानं डोळे पुसत बोलत गेली, आणि मधेच गप्प झाली. डोळे मिटलेल्या या मुलीपर्यंत यातला एक शब्दही पोचत नव्हता.

झोपली होती, की नुसते मिटून घेतले होते? पापण्यांकडे बघून काही कळेना. हलवून उठवायचा धीर होईना. नर्स सलाईन बघून गेली आणि "झोपू द्या तिला," म्हणून गेली.

साचेताईनं स्टूल उचललं, खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवलं, जिथं बसलं तर डोळे उघडल्याबरोबर आपलंच तोंड दिसेल. आणि वाट बघत बसली. संध्याकाळपर्यंत ठमीनं दोनदा कूस बदलली, दोन्ही वेळा भिंतीकडे.